सोंगाड्या आणि आमची शाखा

सोंगाड्या म्हटलं की आपल्याला दादा कोंडके आठवतात. पण तमाशात तो फार आधीपासून आहे. गणानंतर गवळण सुरू झाली की तो कृष्णाचा सवंगडी पेंद्या होऊन येतो, आणि पुढे वगात राजाचा शिपाई नाहीतर हवालदार होतो. वगातला राजा बहुधा बावळट असतो. तो सरळ बोलतो, सोंगाड्या त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पकडतो.

राजा म्हणतो, "आम्ही रयतेसाठी रस्ता काढला." सोंगाड्या विचारतो, "कुठं नेला काढून? काल तर हितंच हुता!" हसू राजाला, पण समोर बसलेल्या सरपंचाला बरोबर कळतं.

खरी गंमत अशी की यातलं पुष्कळसं लिहिलेलं नसतं. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली रंगमंचावर आलं. कोतवालाची जागा रिकामी होते आणि लायक हवालदाराला डावलून वशिल्याचा माणूस बसवला जातो, एवढीच गोष्ट. दादा त्यात त्या-त्या दिवसातलं राजकारण घालत. आपल्याकडे नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, पण ऐनवेळी सुचलेलं वाक्य मंडळाला कसं दिसणार?

१९७९ साली मी एका ग्रामीण शाखेत होतो. जत्रेच्या तमाशाला गावातल्या बड्या मंडळींसोबत आम्हाला पुढच्या खुर्च्या मिळाल्या. वगातला राजा म्हणाला, "खजिना आटला. आता बँकच आम्हाला तारेल." सोंगाड्या म्हणाला, "तारंल की! पण आधी तारण मागंल." लोक हसले. मग तो आमच्या खुर्च्यांकडे बघून म्हणाला, "म्हाराज, तुमाला न्हाई मागायची. तारण आमालाच लागतंय."

मीही हसलो. पण त्याच आठवड्यात एका मोठ्या बागायतदाराचं प्रकरण अपुऱ्या तारणावर पुढे गेलं होतं आणि शिफारशीवर सही माझी होती. सोंगाड्या दुपारी चहाच्या टपरीवर बसून गावची माहिती काढत असे, हे मला शिपायाने नंतर सांगितलं.

आता रामदास फुटाण्यांची वात्रटिका किंवा व्यंगचित्र घ्या. ते छापून येतं, नावानिशी येतं. मध्ये राजा नाही. २०१२ साली असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. पुढे ते कलम मागे घेतलं गेलं, पण पुरावा म्हणून चित्र समोरच होतं. हल्लीच्या विनोदवीरांचं तर मोबाईलवर चित्रीकरण होतं, आणि कनातीत नसलेला माणूसही दुखावतो.

आमच्या सोंगाड्याचं वाक्य मात्र त्या रात्रीच विरलं. सोमवारी मी ती फाईल परत मागवली. साहेब म्हणाले, "जोशी, तमाशाला जाऊन आलात वाटतं?"