कल्पना आणि अभिव्यक्ती यांतील भेद (प्रताधिकार)

कल्पना आणि अभिव्यक्ती यांतील भेद हे प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यातील एक मूलभूत तत्त्व आहे. या तत्त्वानुसार एखाद्या कृतीमागील कल्पना, विषय, माहिती किंवा पद्धत यांवर प्रताधिकार निर्माण होत नाही. लेखकाने किंवा कलावंताने त्या कल्पनेला जे विशिष्ट रूप दिलेले असते, तेवढ्यालाच संरक्षण मिळते. भारतात या तत्त्वाचे सर्वाधिक उद्धृत केले जाणारे विवेचन सर्वोच्च न्यायालयाच्या 'आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स' (१९७८) या निर्णयात आढळते.

## कायदेशीर आधार

प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १३ नुसार मूळ साहित्यकृती, नाट्यकृती, संगीतकृती व कलाकृती, तसेच चित्रपट आणि ध्वनिमुद्रणे यांना प्रताधिकार लाभतो. कल्पनेला संरक्षण नाही असे या अधिनियमात स्पष्ट शब्दांत म्हटलेले नाही. संरक्षण 'कृती'ला आहे आणि कल्पना ही स्वतः कृती नव्हे, या भूमिकेतून न्यायालयांनी हे तत्त्व प्रस्थापित केले आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या 'ट्रिप्स' कराराच्या अनुच्छेद ९(२) मध्ये मात्र ते थेट नमूद आहे: प्रताधिकाराचे संरक्षण अभिव्यक्तीला मिळते, कल्पना, कार्यपद्धती, वापराच्या रीती व गणिती संकल्पना यांना मिळत नाही.

या भेदामागे व्यावहारिक कारण आहे. प्रताधिकार साधारणपणे लेखकाच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. भिन्न प्रांतांतील किंवा धर्मांतील तरुण-तरुणीच्या प्रेमाला घरच्यांचा विरोध, हा विषय प्रथम लिहिणाऱ्याच्या मालकीचा झाला असता, तर त्यावर अनेक दशके दुसऱ्या कोणालाही लिहिता आले नसते. उलटपक्षी, केवळ शब्दन् शब्द नक्कल केली तरच भंग होतो असे मानले, तर पात्रांची नावे व काही वाक्ये बदलून संपूर्ण कादंबरी उचलणे शक्य झाले असते. या दोन टोकांमध्ये सीमारेषा आखणे हे न्यायालयाचे काम असते.

## आर. जी. आनंद खटला

### पार्श्वभूमी

आर. जी. आनंद हे व्यवसायाने वास्तुविशारद होते व नाटकेही लिहीत. त्यांचे 'हम हिंदुस्तानी' हे हिंदी नाटक १९५४ मध्ये दिल्लीत रंगभूमीवर आले. एक पंजाबी व एक मद्रासी अशी दोन शेजारी कुटुंबे, त्यांच्या मुलांचे परस्परांवरील प्रेम आणि निव्वळ प्रांतीय अभिमानातून पालकांनी या विवाहाला केलेला विरोध, असे त्याचे कथानक आहे. नाटकाच्या यशानंतर चित्रपट दिग्दर्शक मोहन सेहगल यांनी त्यात रस दाखविला आणि दिल्लीत आनंद यांच्याकडून संपूर्ण नाटक ऐकून घेतले. त्यानंतर सेहगल यांचा 'न्यू दिल्ली' हा चित्रपट १९५६ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातही पंजाबी तरुण व दक्षिण भारतीय तरुणी यांचे प्रेम आणि त्याला होणारा प्रांतीय विरोध दाखविलेला होता. आपल्या नाटकाची ही नक्कल आहे, असा दावा आनंद यांनी दाखल केला. कनिष्ठ न्यायालय व दिल्ली उच्च न्यायालय येथे दावा फेटाळला गेल्यावर ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

### दोन कृतींची तुलना

प्रतिवादींनी नाटक आधी ऐकलेले होते. त्यामुळे चित्रपटकर्त्यांना नाटकाची माहिती होती की नाही, हा वादाचा कळीचा प्रश्न राहिला नाही. त्यांनी नेमके काय घेतले, हा खरा प्रश्न होता. न्यायालयाने संहितांची तुलना केली व चित्रपटही पाहिला.

नाटकातील दोन्ही कुटुंबांत एरवी सलोखा आहे; विवाहाचा प्रश्न उपस्थित होतो तेव्हाच प्रांतीयता डोके वर काढते. चित्रपटात ती आरंभापासूनच दिसते. दिल्लीत नोकरीनिमित्त आलेल्या पंजाबी नायकाला घर मिळत नाही, कारण प्रत्येक घरमालकाला आपल्याच प्रांताचा भाडेकरू हवा असतो. म्हणून तो मद्रासी असल्याचे सोंग घेतो व त्यातून पुढील कथा घडते. नाटकात दोनच प्रांत आहेत. चित्रपटात नायकाची बहीण आणि एक बंगाली चित्रकार यांचे उपकथानक येऊन तिसरा प्रांत जोडला जातो. शिवाय चित्रपटात हुंड्याच्या प्रथेवर प्रखर टीका आहे, जी नाटकात नाही. चित्रपटाचे तीन प्रमुख पैलू आहेत: विवाहातील प्रांतीयता, घर भाड्याने देण्यातील प्रांतीयता आणि हुंडा. त्यांपैकी केवळ पहिलाच नाटकात आहे, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता.

### निर्णय

१८ ऑगस्ट १९७८ रोजी न्यायालयाने आनंद यांचे अपील फेटाळले. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती फजल अली यांनी लिहिले. कल्पना, विषय, कथाबीज तसेच ऐतिहासिक व पौराणिक तथ्ये यांवर प्रताधिकार नसतो आणि भंग हा केवळ त्यांच्या मांडणीचा, रचनेचा व अभिव्यक्तीचा होऊ शकतो, असे त्यात म्हटले आहे. एकच कल्पना दोघांनी हाताळली तर काही साम्ये अपरिहार्यपणे येतात. म्हणून साम्य अभिव्यक्तीच्या मूलभूत व महत्त्वाच्या अंगांत आहे का, हे पाहावे लागते. दोन्ही कृती वाचणाऱ्या किंवा पाहणाऱ्या व्यक्तीचे 'दुसरी कृती ही पहिलीची नक्कल आहे' असे निःसंदिग्ध मत होते का, ही सर्वांत खात्रीची कसोटी मानली गेली.

न्यायमूर्ती पाठक यांनी निर्णयाशी सहमती दर्शविली, परंतु वेगळे मतही नोंदविले. चित्रपटाच्या लेखकांवर नाटकाच्या कथानकातील ठळक वैशिष्ट्यांचा काही प्रमाणात प्रभाव पडल्याचे त्यांना दिसले. तथापि दोन्ही खालच्या न्यायालयांचे निष्कर्ष एकसारखे असल्याने त्यांत हस्तक्षेप करणे त्यांना उचित वाटले नाही. प्रभाव पडणे आणि भंग होणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे या खटल्यातून स्पष्ट होते. आनंद यांचे नाटक ऐकले गेले व त्याचा विषयही घेतला गेला, तरी त्यांना कायद्याने भरपाई मिळाली नाही.

## कल्पना कोठे संपते

अभिव्यक्ती म्हणजे केवळ शब्द नव्हेत. अमेरिकेतील 'निकोल्स विरुद्ध युनिव्हर्सल' (१९३०) या खटल्यात न्यायाधीश लर्नेड हँड यांनी ही बाब स्पष्ट केली. तोही वाद एका नाटकाचा व एका चित्रपटाचा होता. दोहोंत ज्यू व आयरिश कुटुंबांतील मुलांचा विवाह आणि पालकांमधील वैर होते. हँड यांच्या मते कोणत्याही नाटकातील तपशील एकेक करून वगळत गेल्यास अधिकाधिक व्यापक आराखडे मिळत जातात व अखेरीस केवळ विषय उरतो. या क्रमात कोठेतरी संरक्षण संपते, मात्र ती जागा कोणत्याही सूत्राने आधी ठरविता येत नाही. त्या खटल्यातही भंग झाला नसल्याचा निर्णय देण्यात आला.

हीच पद्धत 'हम हिंदुस्तानी'ला लावता येते. 'प्रांतीयता वाईट आहे' ही सर्वांत वरची पातळी आहे. 'दोन प्रांतांतील तरुण-तरुणींच्या प्रेमाला पालकांचा विरोध' ही तिच्या खालची. या दोन्ही सर्वांसाठी मोकळ्या आहेत. त्याखाली प्रसंगांचा क्रम, पात्रांचे बारकाव्यांसह रेखाटन व त्यांचे परस्परसंबंध येतात आणि सर्वांत खाली प्रत्यक्ष संवाद. प्रसंगांची संपूर्ण साखळी उचलली, तर एकही संवाद समान नसताना भंग होऊ शकतो. याच कारणाने अधिनियमाच्या कलम १४ मध्ये भाषांतराचा व रूपांतराचा हक्कही प्रताधिकारधारकाकडे ठेवलेला आहे. मराठी कादंबरीच्या हिंदी भाषांतरात प्रत्येक शब्द नवा असतो, तरी अभिव्यक्ती मूळ लेखकाचीच राहते.

## नेहमी गोंधळ होणारी उदाहरणे

माहिती आणि तिची मांडणी. पानिपतची तिसरी लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, हे तथ्य कोणत्याही पुस्तकातून घेता येते. एखाद्या इतिहासकाराने त्या दिवसाचे केलेले वर्णन मात्र त्याची अभिव्यक्ती आहे. त्याने ते तथ्य शोधण्यासाठी बरीच वर्षे खर्च केली असली, तरी तथ्य त्याच्या मालकीचे होत नाही.

पद्धत आणि तिचे वर्णन. 'बेकर विरुद्ध सेल्डन' (१८७९) या खटल्यात सेल्डन यांच्या पुस्तकात हिशेब ठेवण्याची एक पद्धत व तिच्यासाठी आखलेले रकाने दिलेले होते. पुस्तकातील विवेचनावर प्रताधिकार आहे, पण हिशेबाची पद्धत व तिच्यासाठी अपरिहार्य असलेले रकाने कोणीही वापरू शकतो, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. पाककृतींनाही हाच न्याय लागू पडतो: पुरणपोळीतील जिन्नस, त्यांचे प्रमाण व कृतीच्या पायऱ्या मोकळ्या असतात, पाकपुस्तकातील लेखन व छायाचित्रे संरक्षित असतात.

एकच मार्ग असलेली अभिव्यक्ती. पायथागोरसचा सिद्धान्त किंवा एखादी शास्त्रीय व्याख्या मोजक्याच प्रकारे सांगता येते. तेथे अभिव्यक्ती रोखली तर कल्पनाच रोखली जाईल. म्हणून अशा ठिकाणी कल्पना व अभिव्यक्ती एकरूप झाल्याचे मानून संरक्षण नाकारले जाते. मात्र एखाद्या पाठ्यपुस्तकातील त्याच सिद्धान्ताचे चार पानी विवेचन व उदाहरणे लेखकाची असतात.

शीर्षक. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'देसी बॉइज' या शीर्षकासंबंधीच्या वादात, केवळ शीर्षक ही स्वतंत्र साहित्यकृती ठरत नाही व त्यावर प्रताधिकार नसतो, असा निर्णय दिला. नावे व बोधचिन्हे यांचा व्यापारातील वापर हा प्रामुख्याने व्यापारचिन्ह कायद्याचा, तर नवीन उपकरण किंवा प्रक्रिया हा एकस्व (पेटंट) कायद्याचा विषय आहे.

वाङ्मयचौर्य आणि प्रताधिकारभंग. दुसऱ्याची कल्पना श्रेय न देता आपली म्हणून प्रबंधात मांडणे हे वाङ्मयचौर्य आहे; विद्यापीठ त्यावर कारवाई करू शकते, पण लेखन पूर्णपणे स्वतःचे असल्यास प्रताधिकाराचा भंग होत नाही. याउलट, एखाद्या हयात लेखकाची संपूर्ण कथा त्याच्या नावासह, परंतु परवानगीविना पुस्तकात छापल्यास वाङ्मयचौर्य होत नाही, प्रताधिकाराचा भंग मात्र होतो. राम गणेश गडकरी (मृत्यू १९१९) यांच्या नाटकांवरील प्रताधिकाराची मुदत संपलेली आहे. ती कोणालाही छापता येतात, तथापि ती स्वतःच्या नावावर खपविणे हे वाङ्मयचौर्यच ठरते.