रात्रपाळीची वाहतूक, महिला कर्मचाऱ्यांची (कल्याण-डोंबिवली)

रात्री उशिरा काम संपवणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांना घरी पोहोचवण्याची मालकाची व्यवस्था. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ मधील कलम १३ हा तिचा मुख्य आधार. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला तिच्या संमतीनेच काम देता येते आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडणे ही मालकाची जबाबदारी असते. याच कलमात भरती, बदली, बढतीत भेदभावाला मनाई आहे. त्यामुळे गाडीचा खर्च वाचवण्यासाठी ‘मुली नकोत’ म्हणता येत नाही. संमती तिची स्वतःची. वडिलांचे किंवा नवऱ्याचे पत्र मागण्याचे काहीच कारण नाही.

कल्याणकरांचा प्रश्न अंतराचा आहे. ऐरोली, महापे किंवा ठाण्यात पाळी सव्वानऊला संपली, तर काम रात्रीच्या वेळेत मोडत नाही, पण लोकल आणि रिक्षा करून घर गाठायला अकरा वाजू शकतात. समंजस धोरण म्हणूनच पाळी सुटण्याची नव्हे, घरी पोहोचण्याची वेळ धरते. मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंद असते, तेव्हा गाडीला पर्यायच उरत नाही. कल्याण स्टेशनवर सोडणे म्हणजे दारापर्यंत सोडणे नव्हे.

उदाहरणार्थ, ऐरोलीहून रात्री एकला सुटलेल्या गाडीत चौघी आहेत: मानपाडा, कोळसेवाडी, खडकपाडा आणि टिटवाळा. गाडी शिळफाटा, काटई नाक्यावरून येते. जवळचे घर आधी या सरळ क्रमाने टिटवाळ्याची बाई खडकपाड्यापासून पुढे चालकाबरोबर एकटी राहते. क्रम उलटवला तर मानपाड्याची बाई शेवटी उरते आणि सगळ्यांनाच वळसा पडतो. यावर उपाय म्हणजे शेवटच्या घरापर्यंत सोबत राहणारा सुरक्षारक्षक. कामावर नेताना हाच धोका पहिल्या प्रवासिनीला असतो. २००७ मध्ये पुण्याजवळ कंपनीच्या गाडीने कामावर निघालेल्या तरुणीवर बलात्कार करून चालक व त्याच्या साथीदाराने तिचा खून केला, तेव्हा गाडीत दुसरी सहकारी नव्हती.

कोळसेवाडीतील काही गल्ल्यांत गाडी शिरत नाही. तिथे रक्षकाने चालत दारापर्यंत जावे आणि दार उघडेपर्यंत थांबावे. चालकाने भोंगा वाजवून अख्खी चाळ जागी करू नये. चालकाला महिलेचा खासगी क्रमांक देण्याची गरज नसते. संपर्क वाहतूक कक्षामार्फत ठेवता येतो.

कागदावरची व्यवस्था बहुधा शेवटच्या टप्प्यात फसते. रक्षक काटईलाच उतरतो, नाक्यावर फेरी ‘पूर्ण’ दाखवली जाते, किंवा ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर जाते’ असे आधीच लिहून घेतले जाते. असा कागद कायद्याच्या जबाबदारीची जागा घेऊ शकत नाही. फेरी जिथे बंद झाली ते जीपीएसचे ठिकाण घराच्या पत्त्याशी ताडून पाहिले की यातली दुसरी लबाडी सहसा उघड होते. मात्र ही तपासणी वाहतूक कंत्राटदाराकडे न सोपवता आस्थापनेने स्वतः करावी.