लॉक-इन कालावधी आणि नोटीस (भाडेकरारातील कलमे)

लॉक-इन कालावधी म्हणजे भाडेकराराच्या सुरुवातीचे ठरावीक महिने, ज्यांत घर सोडायचे नाही किंवा सोडायला लावायचे नाही असे करारात कबूल केलेले असते. नोटीस म्हणजे मुदत संपण्याआधी करार मोडायचा असल्यास दुसऱ्या पक्षाला किती दिवस आधी लेखी कळवायचे, त्याचा नियम. घर केव्हापासून सोडता येईल हे लॉक-इन ठरवते, तर सोडण्याआधी किती दिवस सांगायचे हे नोटीस ठरवते. दोन्ही कलमे बहुधा एकाच पानावर, थोड्या अंतराने येतात. एजंट किंवा घरमालक त्याच पानाचा फोटो मोबाइलवर पाठवतो आणि भाडेकरू तेवढ्यावरून निर्णय घेतो. बहुतेक गैरसमज तिथेच सुरू होतात. ही नोंद महाराष्ट्रात राहत्या घरासाठी होणाऱ्या लिव्ह अँड लायसन्स करारापुरती आहे.

कराराचे स्वरूप

पुणे, मुंबई, नाशिक अशा शहरांत ज्याला सर्रास भाडेकरार म्हणतात, तो कायद्याच्या दृष्टीने बहुधा लिव्ह अँड लायसन्स करार असतो. त्यात घरात राहण्याची केवळ परवानगी मिळते, जागेत हक्क निर्माण होत नाही. करारात मालकाला लायसेन्सर आणि राहणाऱ्याला लायसेन्सी म्हटलेले असते. दोन्ही शब्द दिसायला जवळचे असल्याने धूसर फोटोत कोणावर कोणते बंधन आहे, याची उलटापालट होऊ शकते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणून फोटोतले पान नोंदवलेल्या दस्ताचे आहे की सहीपूर्वीच्या मसुद्याचे, हे आधी पाहावे. मसुद्यात सहा महिने असलेला लॉक-इन अंतिम दस्तात आठ महिन्यांचा झालेला असू शकतो. नोंदवलेल्या दस्ताची पूर्ण प्रत पीडीएफ स्वरूपात मिळते. निर्णय त्या प्रतीवरूनच घ्यावा.

फोटोतले पान वाचताना

एका पानात करार मावत नाही. कराराची सुरुवातीची आणि शेवटची तारीख, मासिक रक्कम आणि अनामत (डिपॉझिट) हे बहुधा आधीच्या पानांवर असते. अनामत केव्हा आणि कोणत्या वजावटी करून परत द्यायची, हे आणखी वेगळ्या कलमात असते. लॉक-इनच्या कलमात फक्त ‘सहा महिने’ लिहिलेले असेल, तर ते कोणत्या तारखेपासून मोजायचे हे मागच्या पानाशिवाय कळत नाही. करारावर सही एका दिवशी, नोंदणी दुसऱ्या दिवशी आणि ताबा तिसऱ्या दिवशी झालेला असू शकतो. मोजणी कराराच्या मुदतीच्या सुरुवातीपासून होते की ताब्यापासून, हे कलमात लिहिलेले नसेल तर सहीआधी लिहून घ्यावे.

पानाच्या कडा नीट पाहाव्यात. कलमाची शेवटची ओळ फोटोबाहेर राहिली की एखादा अपवाद निसटतो. हाताने भरलेल्या रिकाम्या जागेतला 1 हा 7 सारखा दिसू शकतो, म्हणून आकडा अक्षरांतही लिहिला आहे का हे पाहावे. करार इंग्रजीत असेल तर सर्वांत जपून वाचायचे शब्द नोटिशीच्या कलमाच्या तोंडाशी असतात. ‘सब्जेक्ट टू द कंडिशन ऑफ लॉक-इन पिरियड’, म्हणजे ‘लॉक-इनच्या अटीस अधीन राहून’. भाडेकरूची नजर पुढच्या ‘एक महिन्याची नोटीस’ या शब्दांवर खिळते आणि महिनाभर आधी कळवले की सुटलो असे त्याला वाटते. पण त्या सुरुवातीच्या शब्दांनी नोटिशीचे कलम लॉक-इनच्या खाली आणून ठेवलेले असते. लॉक-इन चालू असताना नुसत्या नोटिशीने सुटका होत नाही.

लॉक-इन कोणावर

बऱ्याच प्रचलित मसुद्यांत लॉक-इन दोन्ही पक्षांवर असतो. त्या काळात मालकाने घर रिकामे करायला सांगायचे नाही आणि भाडेकरूने सोडायचे नाही. मात्र परिणाम सारखे लिहिलेले असतीलच असे नाही. भाडेकरू आधी गेला तर उरलेल्या लॉक-इन महिन्यांचे पूर्ण भाडे द्यावे, असे नेमके लिहिलेले असते. मालकाने बाहेर काढले तर मात्र ‘गैरसोयीची भरपाई द्यावी’ एवढेच मोघम वाक्य येते. मालकाच्या बाजूलाही रक्कम लिहावी, अशी मागणी सहीआधी करता येते.

भाडे थकवणे किंवा अटींचा भंग करणे यासाठी मालकाला लॉक-इनमध्येही करार रद्द करता येतो का, हे रद्द करण्याच्या कलमावरून ठरते. तिथेही ‘लॉक-इनच्या अधीन’ हे शब्द आहेत का, ते पाहावे.

एक उदाहरण

उदाहरणादाखल पुण्यातल्या एका सदनिकेचा करार 1 जून 2024 ते 30 एप्रिल 2025 असा अकरा महिन्यांचा आहे असे धरू. मासिक भाडे 18,000 रुपये, अनामत 50,000 रुपये, लॉक-इन सहा महिने आणि नोटीस एक महिना. लॉक-इन 30 नोव्हेंबर 2024 ला संपतो. ऑगस्टमध्ये भाडेकरूची दुसऱ्या शहरात बदली होते.

पहिला प्रश्न असा की दंडाशिवाय लवकरात लवकर केव्हा निघता येईल. लॉक-इन चालू असतानाच नोटीस देता येते असा कलमाचा अर्थ असेल, तर 31 ऑक्टोबरला नोटीस देऊन 30 नोव्हेंबरला घर सोडता येते. लॉक-इन संपल्यानंतरच नोटीस देता येईल असे लिहिलेले असेल, तर 1 डिसेंबरला नोटीस द्यावी लागते आणि डिसेंबरअखेर मुक्काम संपतो. ‘नंतर’ या एका शब्दाने 18,000 रुपयांचा फरक पडतो. फोटोतल्या कलमात याचा खुलासा नसेल, तर ‘नोटिशीचा महिना लॉक-इनमध्ये धरला जाईल’ असे वाक्य सहीआधी घालून घेणे हाच खात्रीचा उपाय आहे.

दुसरा प्रश्न, भाडेकरू सप्टेंबरअखेर निघालाच तर काय. ऑगस्टअखेर नोटीस दिली असेल तर नोटिशीचा महिना पाळला गेला, पण लॉक-इनचे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर उरले. करारात उरलेल्या लॉक-इनचे भाडे द्यावे असे असेल तर मालक 36,000 रुपये मागेल. ते अनामतीतून वळते करण्याची तरतूद असल्यास भाडेकरूच्या हाती 14,000 रुपये उरतील, आणि त्यातूनही थकलेले वीजबिल किंवा प्रत्यक्ष मोडतोडीचा खर्च जाईल. नोटीस न देता निघाला तर मालक कधी कधी लॉक-इनचे दोन महिने आणि वर नोटिशीचा एक महिना अशी तीन महिन्यांची वजावट मांडतो. उरलेल्या दोन महिन्यांत नोटिशीचा महिना आपोआप सामावतो, त्यामुळे एकाच काळाचे भाडे दोनदा मागण्याला हरकत घ्यावी.

मागणीची कायदेशीर मर्यादा

करारात लिहिलेली रक्कम जशीच्या तशी वसूल होतेच असे नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 74 नुसार करार मोडल्याबद्दल आधी ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, आणि न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई देते. सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास (1963) आणि कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (2015) या निकालांत हे तत्त्व स्पष्ट केले आहे. कलम 73 च्या स्पष्टीकरणानुसार नुकसान मोजताना ते टाळण्याचे कोणते मार्ग उपलब्ध होते, हेही विचारात घ्यायचे असते.

वरच्या उदाहरणात मालकाला 1 नोव्हेंबरपासून तितक्याच भाड्याने नवा भाडेकरू मिळाला, तर घर प्रत्यक्षात एकच महिना रिकामे राहिले. मग भाड्यापुरते त्याचे खरे नुकसान 18,000 रुपयांच्या आसपास आहे, 36,000 नव्हे, असा युक्तिवाद भाडेकरूला करता येतो. एवढ्या रकमेसाठी न्यायालयात जाणे दोघांनाही परवडत नाही, म्हणून या तत्त्वाचा खरा उपयोग वाटाघाटीत होतो. निघणाऱ्या भाडेकरूने स्वतः नवा भाडेकरू सुचवला, तर मालकाला पूर्ण रकमेचा आग्रह धरणे कठीण जाते.

मुदत संपल्यावर

नोटिशीचे कलम मुदतीआधी निघण्यासाठी असते. कराराची शेवटची तारीख उलटली की परवानगी आपोआप संपते. ‘मला नोटीस मिळाली नाही’ म्हणून पुढे राहता येत नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 नुसार मुदतीनंतर ताबा न देणाऱ्याकडून ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई घेता येते, आणि ताब्यासाठी मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. पुढेही राहायचे असेल तर नवा करार जुना संपण्याआधी नोंदवावा. नव्या करारात लॉक-इन पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला जातो का, हे जरूर पाहावे. जुन्या मसुद्याची नक्कल करताना तो तसाच राहून जातो, आणि वर्षभर राहिलेला भाडेकरू पुन्हा सहा महिने बांधला जातो.

नोटीस देताना

करारात लेखी नोटीस म्हटले असेल तर फोनवर सांगणे पुरत नाही. ई-मेल किंवा व्हॉट्सॲप चालेल असे लिहिलेले नसेल, तर करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पत्र पाठवावे आणि त्याचाच फोटो मोबाइलवरही पाठवावा. पत्रात कराराचा दस्त क्रमांक, नोटीस कोणत्या कलमाखाली आहे ते, आणि घर सोडण्याची तारीख असावी. टपालाला लागणारे दिवस हिशेबात धरून पत्र चार-पाच दिवस आधी टाकावे, कारण अनेक करारांत मुदत नोटीस मिळाल्यापासून मोजतात.

किल्ल्या देताना वीजमीटरचे रीडिंग, अनामतीतून झालेली प्रत्येक वजावट आणि परत मिळालेली रक्कम एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. अनामत नंतर मिळणार असेल तर तिची तारीखही त्याच कागदावर हवी. नोंदणीकृत कराराची मुदत शिल्लक असेल, तर करार कोणत्या तारखेला परस्परसंमतीने संपला हेही त्यात लिहावे, म्हणजे उरलेल्या महिन्यांची मागणी पुढे कोणालाही करता येणार नाही.