येणी वाढणे व रोकड न वाढणे (हिशेबातील फेरफाराचे लक्षण)

व्यवसायाची विक्री व नफा वाढलेला दिसत असताना ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम त्याहून वेगाने वाढणे आणि हाती येणारी रोकड जवळपास जागीच राहणे, हे वित्तीय विवरणपत्रांतील फेरफाराचे एक महत्त्वाचे लक्षण मानले जाते. केवळ या लक्षणावरून लबाडी सिद्ध होत नाही. मात्र पुढील चौकशी कोठे करावी हे त्यावरून कळते.

कारण

माल पाठवून बिल केले की विक्रीची नोंद होते. पैसे नंतर येतात. मधल्या काळात ती रक्कम ताळेबंदात 'येणी' म्हणून उभी राहते. त्यामुळे खोटे बिल तयार केल्यास विक्री व नफा त्याच दिवशी वाढतो, पण पैसे देणारा ग्राहकच नसल्याने येणे साचत जाते. बिल कागदावर करता येते, बँकेत रक्कम मात्र कोणाला तरी भरावी लागते. म्हणून नफा-तोटा पत्रक रोकड प्रवाह पत्रकाशेजारी ठेवून वाचले जाते.

उदाहरण

लातूर येथील एक काल्पनिक डाळ मिल घेऊ. पहिल्या वर्षी तिची विक्री 10 कोटी रुपये आणि वर्षअखेरचे येणे 1 कोटी आहे. येणे भागिले विक्री गुणिले 365 केले असता वसुलीचा काळ सुमारे 37 दिवस निघतो. दुसऱ्या वर्षी विक्री 13 कोटी व येणे साडेतीन कोटी होते. हाच काळ आता सुमारे 98 दिवसांचा झाला. वर्षभरात ग्राहकांकडून प्रत्यक्ष आलेले पैसे म्हणजे 13 अधिक आरंभीचे 1 वजा अखेरचे साडेतीन, अर्थात साडेदहा कोटी. विक्रीत 3 कोटींची वाढ सांगितली गेली. तिच्यातील अडीच कोटी केवळ वहीत आहेत.

याचा खुलासा प्रामाणिकही असू शकतो. नांदेड किंवा हैदराबादच्या नव्या व्यापाऱ्यांना तीन महिन्यांची उधारी दिली असेल, तर एप्रिल ते जून या काळात पैसे बँकेत जमा झालेले दिसतील. उलट वाढीव विक्री मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकवटली असेल आणि एप्रिलमध्ये तोच माल 'परत आला' अशी नोंद असेल, तर संशय बळावतो. वाहतुकीची पावती व वजनकाट्याची चिठ्ठी येथे बिलापेक्षा अधिक बोलकी ठरते. कंपन्यांना 2021-22 पासून येण्यांची कालावधीनिहाय विभागणी ताळेबंदाच्या टिपांमध्ये द्यावी लागते. सहा महिन्यांहून जुनी येणी दरवर्षी वाढत असूनही बुडीत रकमेची तरतूद तेवढीच राहिली असेल, तर ते सहज लक्षात येते. एकल मालकीच्या दुकानाला किंवा मिलला हे बंधन नसते.

रोकडही खोटी असल्यास

या कसोटीची मोठी मर्यादा हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या प्रकरणात उघड झाली. 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून फेरफाराची कबुली दिली. 30 सप्टेंबर 2008 च्या ताळेबंदात रोकड व बँकेतील शिल्लक 5,361 कोटी रुपये दाखवली होती. त्यांपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या तुलनेत येणी 490 कोटींनीच फुगवलेली होती. खोट्या बिलांची रक्कम वसूल झाल्याचे दाखवून ती बँकेच्या बनावट कागदांत जिरवल्याने येणी फारशी साचली नाहीत. अशा वेळी येण्यांकडे पाहणारा वाचक फसतो. लेखापरीक्षकाने शिल्लकेचा दाखला कंपनीच्या हातून न घेता थेट बँकेकडून मागवणे, हीच येथे खरी तपासणी होय.

भरपूर रोकड दाखवणारी कंपनी किरकोळ देणे चुकवते, हेही असेच लक्षण आहे. मुंबईतील पर्यटन कंपनी कॉक्स अँड किंग्जने जून 2019 मध्ये अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांची परतफेड चुकवली, तेव्हा तिच्या आधीच्या ताळेबंदात त्या देण्याच्या कित्येक पट रोकड दिसत होती. तिच्या अनेक ग्राहकांचे अस्तित्वच संशयास्पद असल्याचा आरोप पुढे तपास यंत्रणांनी केला.

हंगामाचा परिणाम

मराठवाड्यात ही कसोटी लावताना हंगाम ध्यानात घ्यावा लागतो. तुरीची आवक मुख्यतः जानेवारीपासून होते, म्हणून 31 मार्चला डाळ मिलकडे साठा व येणी दोन्ही स्वाभाविकपणे जास्त असतात. साखर कारखान्याचेही तसेच आहे. गाळप संपत आलेले असते आणि साखर मात्र पुढे वर्षभर विकली जाते, त्यामुळे मार्चअखेरीस रोकड कमी दिसते. म्हणून तुलना मागील वर्षाच्या त्याच तारखेशी करतात, आधीच्या तिमाहीशी नव्हे. कारखान्याच्या बाबतीत येण्यांपेक्षा देणी पाहणे अधिक उपयुक्त असते. उसाची रास्त व किफायतशीर किंमत 14 दिवसांत देणे बंधनकारक असताना शेतकऱ्यांची थकबाकी महिनोन्‌महिने वाढत असेल आणि ताळेबंद नफा दाखवत असेल, तर गोदामातील साखरेचा साठा व त्याचा धरलेला दर प्रथम तपासला जातो.