राउंड फिगरची पातळी

शेअर, चलन किंवा निर्देशांकाच्या भावातील ५००, १,००० किंवा २०,००० अशा शून्यांत संपणाऱ्या आकड्याला बाजारात ‘राउंड फिगर’ म्हणतात. भाव तिथे पोहोचला की बऱ्याचदा अडखळतो, माघारी फिरतो किंवा एकदा पलीकडे गेला की झपाट्याने पळतो. म्हणून या आकड्यांना ‘मानसिक पातळी’ हे नाव पडले आहे. नाव मनाचे असले तरी भाव अडतो तो ऑर्डरींमुळे. कोणत्या जातीच्या ऑर्डरी नेमक्या कुठे साचतात, हे पाहिले की अडखळणे आणि पळणे या दोन्ही गोष्टी एकाच जागेवरून समजतात.

सुरुवात सवयीपासून होते. आहेराच्या पाकिटात १०१ किंवा ५०१ रुपये घालणारा माणूस शेअर विकायला निघाला की मात्र ‘पाचशेला काढून टाका’ असे सांगतो. असा आकडा लक्षात ठेवायला सोपा, फोनवर सांगायला सोपा आणि फार विचार न करता ठरवता येण्याजोगा असतो. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतील भौतिकशास्त्रज्ञ एम. एफ. एम. ऑस्बर्न आणि व्हिक्टर नीडरहॉफर यांनी १९६०च्या दशकातच दाखवले होते, की न्यूयॉर्कच्या बाजारात शेअरचे सौदे पूर्ण डॉलरवर आणि अर्ध्या डॉलरवर अधिक होतात, एक अष्टमांशासारख्या अपूर्णांकांवर कमी.

यातून काय घडते हे एका कल्पित शेअरवर पाहू. भाव ४९२ रुपये आहे. वर ४९८ला ३,००० शेअर विकायला लागलेले आहेत, ४९९ला ४,५०० आणि ५००ला ६०,०००. एक्स्चेंजचा नियम असा, की आधी चांगला भाव आणि भाव सारखा असेल तर आधी आलेली ऑर्डर. त्यामुळे आज ५००ला विक्री लावणारा त्या साठ हजारांच्या रांगेत शेवटी उभा राहतो. मुरलेला ट्रेडर हे ओळखून ४९९.९५ किंवा ४९९.५० लावतो. रांगेच्या पुढे जाणाऱ्यांची अशी गर्दी वाढली की भाव ५००ला न शिवताच परततो आणि ज्यांनी आकडा नेमका धरला होता त्यांची विक्री राहून जाते.

आता दुसरी जात. ४९५ला शॉर्ट केलेल्याला ५०० हीच भिंत वाटते, म्हणून तो आपला स्टॉप लॉस भिंतीवर न लावता तिच्या पलीकडे, समजा ५०२ला लावतो. स्टॉप लॉस म्हणजे भाव तिथे पोहोचला तरच जागी होणारी ऑर्डर. शॉर्टवाल्याच्या बाबतीत ती खरेदीची असते. साठ हजार शेअर कुणीतरी उचलले आणि सौदा ५०२ला झाला, की या झोपलेल्या खरेद्या एकदम उठतात. वर विकणारे मात्र विरळ असतात, कारण बहुतेकांनी ५००लाच माल काढलेला असतो. भाव ५०४, ५०६ असा उड्या मारतो. बाजार याला शॉर्ट कव्हरिंग म्हणतो. या खरेदीमागे कंपनीबद्दल काहीही नवे मत नसते, हे विसरता कामा नये. स्टॉप संपले आणि मागून ताजा खरेदीदार आला नाही, तर भाव पुन्हा ५००खाली येतो. फसवे ब्रेकआउट अनेकदा असे घडतात.

ही मांडणी आधी डीलर मंडळींच्या अनुभवापुरती होती. तिला आकड्यांचा आधार दिला अर्थशास्त्रज्ञ कॅरल ऑस्लर यांनी. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत काम केलेल्या ऑस्लर यांना एका मोठ्या बँकेच्या चलन विभागातील १९९९-२०००मधील नऊ हजारांहून अधिक ऑर्डरी अभ्यासायला मिळाल्या: डॉलर-येन, पौंड-डॉलर आणि युरो-डॉलर या जोड्यांतल्या. त्यांचा निबंध २००३मध्ये प्रसिद्ध झाला. नफावसुलीच्या ऑर्डरी शून्य-शून्यवर संपणाऱ्या भावावर नेमक्या साचतात. स्टॉप लॉसच्या खरेद्या त्याच्या जरा वर असतात आणि स्टॉप लॉसच्या विक्र्या जरा खाली. नफावसुली भावाच्या विरुद्ध दिशेला काम करते, म्हणून आकड्यापाशी भाव परततो. स्टॉप लॉस भावाच्याच दिशेला ढकलतात, म्हणून तो ओलांडल्यावर वेग येतो. मराठीत सांगायचे तर आकड्यावर बांध असतो आणि बांधापलीकडे उतार.

निर्देशांकाला मात्र एक वेगळी पायरी लागते. निफ्टी हा पन्नास शेअरवरून काढलेला आकडा आहे. तो कुणी थेट विकत घेत नाही. ऑर्डरी साचतात त्या फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये. ऑप्शन्सच्या स्ट्राइक ठरलेल्या अंतरावरच असतात आणि हजाराच्या स्ट्राइकवर ओपन इंटरेस्ट बहुधा अधिक असतो. २०,०००चा कॉल विकलेल्याला निर्देशांक त्याखाली राहायला हवा असतो. तो वर गेला, की नुकसान आवरण्यासाठी त्याला फ्युचर्स घ्यावे लागतात, म्हणजे इथेही उतार आकड्याच्या पलीकडेच.

२०२३चा निफ्टी हे याचे जवळचे उदाहरण. २० जुलैला तो १९,९९१.८५पर्यंत गेला, वीस हजाराला नऊ गुणही कमी नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी सव्वादोनशेहून अधिक गुण कोसळला. अडथळ्याचा हा पुरावा मानण्याचा मोह होतो, पण मध्ये इन्फोसिसने वर्षाच्या वाढीचा अंदाज खाली आणला होता आणि तो शेअर आठ टक्क्यांच्या आसपास पडला. घसरणीचा मोठा वाटा त्या बातमीचा होता. ११ सप्टेंबरला निर्देशांकाने २०,०००ला प्रथमच स्पर्श केला, पण बंद झाला १९,९९६.३५ला. दुसऱ्या दिवशी तो २०,११०वर जाऊनही पुन्हा खाली बंद झाला आणि १३ सप्टेंबरला २०,०७०वर टिकला. बातमीविना दोन दिवस आकड्याच्या अल्याड-पल्याड चाललेली ही घासाघीस जुलैतल्या पडझडीपेक्षा साचलेल्या ऑर्डरींविषयी जास्त सांगते.

याच कसोटीवर सर्वांत प्रसिद्ध दाखला कच्चा ठरतो. अमेरिकेचा डाऊ जोन्स जानेवारी १९६६मध्ये दिवसभरात १,०००ला शिवला, त्यावर पहिल्यांदा बंद झाला १४ नोव्हेंबर १९७२ला आणि तो आकडा त्याने कायमचा मागे टाकला १९८२च्या अखेरीस. पण डाऊवरचे फ्युचर्स १९९७मध्ये आले. त्या सोळा वर्षांत डाऊच्या एक हजारावर साचायला ऑर्डरींना जागाच नव्हती. तेव्हा बाजार दाबून धरला तो महागाईने आणि चढत्या व्याजदरांनी.

साच ओळखायची साधनेही अपुरी आहेत. ब्रोकरच्या साध्या पडद्यावर खरेदी-विक्रीचे सर्वोत्तम पाचच भाव दिसतात, त्यामुळे ४९२वर बसलेल्याला ५००ची रांग दिसत नाही. न जागलेले स्टॉप लॉस तर त्यात येतच नाहीत. रांग दिसली तरी एक गोष्ट तपासावी लागते: साठ हजारांचे वीस हजार झाले, ते सौदे होऊन की ऑर्डरी मागे घेतल्या म्हणून? त्याच काळातल्या उलाढालीत चाळीस हजारांची भर दिसली नाही, तर भिंत फुटलेली नसून विकणाऱ्यांनी काढून घेतलेली आहे.

डाऊच्या नुसत्या बंद भावांवरून अडथळा सिद्ध करण्याचा प्रयत्न डोनाल्डसन आणि किम यांनी १९९३मध्ये केला. शेकड्यांच्या आसपास निर्देशांक कमी वेळा थांबतो, असे त्यांना आढळले. पुढच्याच वर्षी ले आणि व्हेरियन यांनी हा विषमपणा मान्य केला, पण त्यावरून पुढचा भाव सांगता येत नाही, असे दाखवले. १९९८मध्ये डी क्युस्टर आणि सहकाऱ्यांनी मूळ गृहीतकावरच बोट ठेवले. वाढत्या निर्देशांकाला १,०००वरून २,०००वर जायला दुप्पट व्हावे लागते, ९,०००वरून १०,०००ला मात्र सुमारे ११ टक्के पुरतात. मग सर्व अंक सारख्याच वेळा यावेत ही अपेक्षाच चूक. ऑस्लर यांच्या अभ्यासाला हा आक्षेप लागत नाही, कारण त्यांनी भावांवरून ऑर्डरींचा तर्क केला नव्हता. त्यांच्यासमोर त्या ऑर्डरीच होत्या.