चॅटबॉटचं उत्तर टाइप होताना मधेच चांदण्या का दिसतात? शब्द अचानक ठळक का होतात?

चॅटजीपीटी, क्लॉड किंवा जेमिनीला प्रश्न विचारला की उत्तर एकदम येत नाही. शब्दामागून शब्द उमटत जातो. नीट लक्ष दिलं तर आणखी एक गंमत दिसते. एखाद्या शब्दाआधी दोन चांदण्या येतात, क्षणभर राहतात, मग गायब होतात आणि तो शब्द ठळक होतो. कधी एक साधी ओळ अचानक मथळ्याएवढी मोठी होते आणि लगेच पुन्हा लहान होते.

यात मोबाईलचा किंवा नेटचा दोष नसतो. उत्तर तुकड्यातुकड्यानं पोहोचवलं जातं, पण त्याची मांडणी करणारी पद्धत पूर्ण मजकूर हातात आहे असं धरून चालते. गडबड या दोन गोष्टींच्या मधे होते.

चांदण्या येतात कुठून?

चॅटबॉट ठळक अक्षरं किंवा तक्ता थेट 'काढत' नाही, तो फक्त साधा मजकूर लिहितो. त्यात ठरावीक खुणा असतात: `**` म्हणजे ठळक, `#` म्हणजे मथळा, `-` म्हणजे यादीतला मुद्दा. या खुणांच्या पद्धतीला मार्कडाउन म्हणतात. जॉन ग्रुबर यांनी ती 2004 मध्ये जाहीर केली. लेखकानं आख्खा लेख लिहायचा आणि मग प्रोग्रॅमनं त्याचं वेबपान बनवायचं, असा तिचा हेतू होता. अर्धवट लेख दर क्षणाला वाचला जाईल, हा विचार तेव्हा कुणी करायचं कारणच नव्हतं.

चॅटबॉटच्या बाबतीत नेमकं तेच होतं. मॉडेल मजकूर छोट्या तुकड्यांत तयार करतं, त्यांना टोकन म्हणतात. स्ट्रीमिंग चालू असेल तर तयार झालेला मजकूर लगेच तुमच्या स्क्रीनकडे धाडला जातो. ॲप दर नव्या तुकड्यानंतर आतापर्यंतचा सगळा मजकूर पुन्हा वाचतं आणि पुन्हा मांडतं.

समजा, उत्तराची सुरुवात 'पाणी' या ठळक शब्दानं होणार आहे. तो असा येऊ शकतो:

```
**पा
**पाणी*
**पाणी** उकळून घ्या
```

पहिल्या क्षणी बंद करणारी खूण आलेलीच नाही, म्हणून चांदण्या जशाच्या तशा दिसतात. दुसऱ्या क्षणी शेवटी एकच चांदणी आहे. मार्कडाउनमध्ये एकेरी चांदण्यांच्या जोडीचा अर्थ तिरकी अक्षरं असा होतो, त्यामुळे एक चांदणी उघडी राहते आणि 'पाणी' तिरकं होतं. तिसऱ्या क्षणी जोडी पूर्ण होते आणि शब्द ठळक होतो. तिन्ही वेळा ॲपनं नियम बरोबरच लावलेला असतो.

मथळ्याची उडी

याहून मजेशीर प्रकार यादीच्या वेळी होतो. मार्कडाउनमध्ये मथळा लिहायची एक जुनी रीत आहे: ओळ लिहायची आणि तिच्या खाली रेघ मारायची. त्या रेघेला एक `-` सुद्धा पुरतं. आता हे बघा:

```
सामान असं लागेल
-
```

इथवरच मजकूर पोहोचला असेल तर नियमानुसार 'सामान असं लागेल' हा मथळा ठरतो आणि तो मोठा, जाड दिसतो. पुढच्या तुकड्यात `- दूध` झालं की प्रोग्रॅमला कळतं की ही रेघ नव्हती, यादीची सुरुवात होती. ओळ पुन्हा साधी होते. दोन्हींच्या मधे एक रिकामी ओळ असली तर हा घोळ होत नाही.

तक्त्याचंही असंच. तक्त्याच्या पहिल्या ओळीखाली उभ्या-आडव्या रेघांची दुसरी ओळ लागते. ती येईपर्यंत तुम्हाला नुसत्या उभ्या रेघा दिसतात. उलट कोडचा चौकोन मात्र शांत असतो. तो उघडला आणि बंद झाला नाही, तर मजकुराच्या शेवटापर्यंत सगळं कोडच धरायचं, असा नियमच आहे. अर्धवट मजकूर चालवून घेणारा हा एक नियम स्ट्रीमिंगला आयता उपयोगी पडला.

मराठीत यावर आणखी एक थर चढतो. 'क्ष' हे संगणकासाठी क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं आहेत. तुकडा मधेच तुटला तर आधी 'क्' दिसतो आणि मग तो 'क्ष' होतो. शिवाय देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला 3 बाइट लागतात. टोकन त्या 3 बाइटांच्या मधे तुटलं आणि ॲपनं उरलेल्या बाइटांची वाट पाहिली नाही, तर � असा चौकोन उमटतो.

मग थांबून पूर्ण उत्तरच का नाही देत?

देतातही. पण मोठं उत्तर पूर्ण तयार होईपर्यंत स्क्रीन कोरी राहते आणि माणूस कंटाळतो. म्हणून ॲपवाले मधला मार्ग काढतात. काही जण अर्धवट `**` दिसलं की बंद करणारी खूण तात्पुरती स्वतःच जोडतात. यात अंदाज चुकू शकतो, कारण चांदणी गुणाकाराचीही असू शकते. काही जण तक्त्याची किंवा परिच्छेदाची रचना स्पष्ट होईपर्यंत तेवढाच भाग रोखून धरतात. वाचणाऱ्याच्या दृष्टीनं हा दुसरा मार्ग अधिक बरा. अर्धा सेकंद उशीर चालतो, नाचणारी अक्षरं डोळ्यांना खुपतात.

मेसेजिंग ॲपवर चित्र उलटं असतं. तिथे बॉट सहसा उत्तर एका फटक्यात पाठवतो. नाचानाच नसते, पण चुकीला क्षमाही नसते. टेलिग्रामच्या बॉटनं खुणांसह पाठवलेल्या मजकुरात एखादी खूण उघडी राहिली, तर टेलिग्राम `can't parse entities` असं सांगून तो आख्खा मेसेज नाकारतं. त्यामुळे टेलिग्रामवर तोच मेसेज पुन्हापुन्हा बदलून 'टाइप होतंय' असा परिणाम साधणाऱ्या बॉटची पंचाईत होते. मधला जवळजवळ प्रत्येक टप्पा अर्धवट खुणांचा असतो. साधा उपाय म्हणजे मधले टप्पे खुणांचा अर्थ न लावता साध्या मजकुरासारखे पाठवायचे आणि शेवटचाच मेसेज सजवायचा.

व्हॉट्सॲपचं व्याकरण तर वेगळंच आहे. तिथे ठळक अक्षरांसाठी दोन्ही बाजूंना एकच चांदणी लागते आणि तक्ता नसतोच. फॅमिली ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये `**महत्त्वाचं:**` असं दिसलं, तर तो मजकूर बहुधा मार्कडाउन समजणाऱ्या ठिकाणाहून उचललेला असतो.

अर्धं उत्तर, पूर्ण दिसणारं

खरी काळजी वेगळ्याच ठिकाणी आहे. उत्तराला लांबीची मर्यादा असते आणि ती संपली की मजकूर मधेच तुटतो. स्ट्रीमिंगमध्ये तोवरचा भाग तुमच्यासमोर नीट सजून आलेला असतो. तक्त्याच्या चार ओळी आल्या आणि पाचवी आलीच नाही, तरी तक्ता पूर्णच वाटतो. पाचव्या ओळीत 'गरोदरपणात हे औषध घेऊ नये' असं असलं तर? ॲपनं खुणा स्वतः बंद करून दिल्या असतील, तर तुटल्याची ती एक निशाणीही पुसली जाते.

ॲप बनवणाऱ्याला हे कळू शकतं. ओपनएआयच्या चॅट सेवेत शेवटच्या तुकड्यांसोबत `finish_reason` नावाची नोंद येते. ती `stop` असेल तर उत्तर आपणहून संपलं, `length` असेल तर मर्यादेमुळे कापलं गेलं. पूर्ण उत्तर एकदम देणारा प्रोग्रॅम ही नोंद आधी तपासून मग उत्तर दाखवू शकतो. स्ट्रीमिंगमध्ये ती कळते तेव्हा लोकांनी वाचून झालेलं असतं, कधी स्क्रीनशॉटही काढून झालेला असतो.

वापरणाऱ्याला ही नोंद दिसत नाही. त्याच्या हाती इतर खुणा असतात: शेवटचं वाक्य पूर्णविरामाशिवाय तुटलेलं, 'सात कारणं' म्हणून पाचच दिलेली, किंवा उत्तराखाली 'पुढे चालू ठेवा' असं बटण. उत्तर चालू असताना अनेक ॲप थांबवण्याचं बटण दाखवतात. ते दिसत असताना काढलेला स्क्रीनशॉट नक्कीच अर्धवट उत्तराचा असतो, आणि कापून फॉरवर्ड केलेल्या फोटोत ते बटण बहुतेक वेळा उरत नाही.