लालबागचा गाळा: भाडेपट्टा की लिव्ह अँड लायसन्स?

एलएलबीच्या पेपरात हमखास येणारा हा प्रश्न आहे. समजा, लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावरचा गाळा मालकाने मसालेवाल्याला दिला. साध्या कागदावर चार ओळी लिहिल्या: "गाळा वापरण्याची परवानगी देत आहे. दरमहा १५,००० रुपये भरपाई. हे भाडे समजू नये." दोघांनी सह्या केल्या, नोंदणी केली नाही. शटरची किल्ली मसालेवाल्याकडे, कुलूप त्याचे, विजेचे बिलही तोच भरतो. तीन वर्षांनी मालक म्हणतो, परवानगी रद्द, गाळा सोडा. सोडावा लागेल का?

बरेच विद्यार्थी इथे "परवानगी" हा शब्द पाहून थेट "लायसन्स" असे उत्तर लिहितात आणि गुण घालवतात. कागदाला नाव काय दिले यावर हे ठरत नाही. १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात करारात "लायसन्स" असे लिहिले असूनही सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो भाडेपट्टा ठरवला. वाद दिल्लीतल्या हॉटेलमधल्या केशकर्तनाच्या खोल्यांचा होता.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ नुसार भाडेपट्ट्यात जागेच्या उपभोगाचा हक्कच दुसऱ्याकडे जातो. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मधला परवाना मात्र नुसती मुभा असते. तिच्याशिवाय तिथे जाणे बेकायदा ठरले असते, एवढेच. म्हणून खरा प्रश्न असा: मालकालाही आत येण्यापासून अडवता येईल, असा एकहाती ताबा दिला होता का? तसा ताबा हा भाडेपट्ट्याचा ठळक पुरावा असतो. पण तो शेवटचा शब्द नव्हे. दोघांचा खरा हेतू पाहावा लागतो.

आपल्या उदाहरणात किल्ली, कुलूप आणि तीन वर्षांचा अखंड ताबा भाडेपट्ट्याकडे बोट दाखवतात. पण एक गोष्ट बदलून पाहा. शटर रोज मालकच उघडतो, मागच्या अर्ध्या भागात त्याचा माल असतो, आणि मसालेवाल्याला फक्त पुढचा कट्टा दिलाय. आता उत्तर परवान्याकडे झुकेल.

फरक पडतो तो इथे. भाडेकरू ठरला, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे संरक्षण मिळते आणि कलम १६ सारखे कारण सिद्ध केल्याशिवाय मालकाला गाळा परत मिळत नाही. परवाना असला तर तो सहसा रद्द करता येतो. मुंबईत दोन्ही दावे लघुवाद न्यायालयातच जातात, पण वेगवेगळ्या कायद्यांखाली. कलम २४ चा झटपट मार्ग इथे लिहू नये. तो राहण्यासाठी दिलेल्या जागेपुरता आहे, दुकानाला लागू नाही.

राहिली नोंदणी. कलम ५५ नुसार भाड्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. ती पाळली नाही, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे.